बचत झाली म्हणता, पण कशाच्या तुलनेत?

मालवाहतूक कंपन्यांची माहितीपत्रके चाळली की एक वाक्य हमखास सापडते : ‘आमच्या सेवेमुळे एका नामांकित वाहन उद्योगाच्या वाहतूक खर्चात ३० टक्के बचत झाली.’ हे वाक्य कारखान्याच्या खरेदीप्रमुखासाठी किंवा मटेरियल्स मॅनेजरसाठी लिहिलेले असते. तो ते वाचतो आणि त्याच्या मनात लगेच प्रश्न उभे राहतात. खर्च म्हणजे नेमका कोणता? कोणत्या महिन्यांशी तुलना केली? त्या काळात उत्पादन तेवढेच होते का? आणि हा हिशेब कोणी मांडला? पत्रकात उत्तरे नसतात, म्हणून पत्रक बाजूला जाते.

एका ग्राहकाकडे आधी काय परिस्थिती होती, आपण काय बदलले आणि त्यातून किती फरक पडला, याची आकड्यांसह मांडलेली हकीकत म्हणजे केस स्टडी. कारखान्यांना सेवा विकणाऱ्या वाहतूकदारासाठी जाहिरातीपेक्षा ती जास्त उपयोगी ठरते, कारण कारखान्याचा माणूस दुसऱ्या कारखान्याचा अनुभव लक्ष देऊन वाचतो. पण तो घरगुती ग्राहकासारखा वाचत नाही. त्याच्याकडे स्वतःचे आकडे असतात, शेजारी अकाउंट्सचा माणूस बसलेला असतो, आणि ‘आपल्याकडे हे केले तर किती वाचतील?’ हे तो कागदावर मांडून बघतो. त्यामुळे केस स्टडीची कसोटी सरळ आहे. त्यातला आकडा ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाने स्वतःच्या वहीतून पुन्हा काढला, तर तोच आला पाहिजे.

असा आकडा कसा काढायचा, हे एका उदाहरणावरून पाहू.

चाकणची फेरी

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी, तळेगाव या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य छोटे-मोठे कारखाने आहेत. मोठा कारखाना भाग जुळवतो आणि त्याला कास्टिंग, रबरी भाग, बोल्ट, ब्रॅकेट पुरवणारे व्हेंडर आसपास विखुरलेले असतात. जुनी पद्धत अशी की प्रत्येक व्हेंडर आपला माल आपल्या टेम्पोने पाठवतो. एखादा टेम्पो अर्धा रिकामा येतो, दोन टेम्पो एकाच वेळी गेटवर उभे राहतात आणि तिसऱ्याचा माल नेमका हवा तेव्हा पोचत नाही.

यावर उपाय म्हणून ‘मिल्क रन’ पद्धत वापरतात. दूध संघाची गाडी ठरलेल्या वेळी गावोगावच्या डेअरीवरून कॅन उचलत जाते आणि रिकामे कॅन परत देते, तशी एकच गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने व्हेंडरकडे फिरून माल गोळा करते आणि रिकाम्या ट्रे व बिन परत पोचवते. ही फेरी चालवण्याचे काम वाहतूक कंपनी घेते. पुढे हेच काम दुसऱ्या कारखान्याला विकायचे असते, तेव्हा केस स्टडी लिहायची वेळ येते.

आता एक कारखाना कल्पनेने उभा करू. आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे घेतले आहेत, पण त्यातले खाचखळगे असल्या कामात नेहमी भेटणारे आहेत. कारखाना चाकणला आहे आणि त्याचे सहा व्हेंडर भोसरी-चिंचवड भागात आहेत. काही व्हेंडर दिवसातून दोनदा माल पाठवतात, म्हणून रोज ११ टेम्पो येतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर २८६ फेऱ्या होतात. एका फेरीला सरासरी १,९०० रुपये, म्हणजे महिन्याला ५,४३,४०० रुपये.

वाहतूक कंपनीने १७ फुटी दोन गाड्या लावल्या. प्रत्येक गाडी दिवसातून दोन फेऱ्या करते. रोजच्या ४ फेऱ्या, महिन्याच्या १०४, फेरीला ४,१०० रुपये. एकूण ४,२६,४०० रुपये. जानेवारी ते मार्च हा ‘आधीचा’ काळ, एप्रिल-मे घडी बसण्यात गेले आणि जून ते ऑगस्ट हा ‘नंतरचा’ काळ.

एकाच वहीतले तीन आकडे

पहिला आकडा सहज निघतो. ५,४३,४०० वरून ४,२६,४००, म्हणजे महिन्याला १,१७,००० रुपयांची घट. टक्केवारी साधारण २१.५. विक्री विभागाला हा आकडा आवडतो आणि बहुतेक पत्रकांत तोच छापला जातो.

पण फेऱ्यांचा ताळमेळ ठेवायला वाहतूक कंपनीने एक माणूस कारखान्यात बसवला आहे आणि त्याचे महिन्याचे २२,००० रुपये बिलात वेगळे लावलेले आहेत. ते धरले की नवा खर्च ४,४८,४०० होतो. बचत ९५,००० रुपयांवर येते, टक्केवारी १७.५. हा दुसरा आकडा. पहिल्यापेक्षा तो खरा असला तरी पुरेसा खरा नाही.

कारण उत्पादन बदललेले आहे. जानेवारी ते मार्च म्हणजे आर्थिक वर्षाची अखेर. त्या तिमाहीत कारखाना महिन्याला १०,००० संच जुळवत होता. पावसाळ्याच्या तिमाहीत मागणी मंदावली आणि तो ९,००० संचांवर आला. माल कमी आला म्हणून खर्चही काही प्रमाणात आपोआप कमी झाला असता. त्याचे श्रेय वाहतूक कंपनीला घेता येत नाही. म्हणून खर्च दर संचामागे मांडायचा. आधी ५,४३,४०० भागिले १०,००० म्हणजे ५४.३४ रुपये. नंतर ४,४८,४०० भागिले ९,००० म्हणजे ४९.८२ रुपये. दर संचामागे ४.५२ रुपये वाचले. टक्केवारी ८.३.

२१.५, १७.५ आणि ८.३. तिन्ही आकडे त्याच गाड्यांचे, त्याच बिलांवरून काढलेले. वजाबाकी कुठेच चुकलेली नाही. फरक पडला तो आपण काय मोजायचे ठरवले यावर.

छापायचा आकडा ८.३. यामागे नैतिकतेच्या जोडीला व्यवहाराचेही कारण आहे. पैसे कारखान्याच्या खिशात कसे येतात, ते बघितले की हे स्पष्ट होते. व्हेंडरचा दर बहुतेक वेळा ‘पोच’ दर असतो, म्हणजे वाहतूक त्याच्या मालाच्या किमतीतच धरलेली असते. मिल्क रन सुरू झाला की माल व्हेंडरच्या दारातून आपली गाडी उचलते, म्हणून तेवढी वाहतूक किमतीतून वजा करून ‘एक्स-वर्क्स’ दर ठरवावा लागतो. ही वजावट नगामागे होते, महिन्याच्या ठोक रकमेत होत नाही. आपल्या उदाहरणात सहा व्हेंडरांचे दर मिळून संचामागे ५४.३४ रुपयांनी उतरले. ९,००० संचांवर कारखान्याला ४,८९,०६० रुपये कमी द्यावे लागले आणि वाहतूक कंपनीला ४,४८,४०० द्यावे लागले. खरोखर हातात उरले ४०,६६० रुपये. कारखान्याच्या अकाउंट्सला हीच रक्कम दिसते. पत्रकात ९५,००० छापले आणि ग्राहकाच्या वहीत ४०,६६० निघाले, तर पुढच्या बैठकीत वाहतूकदाराच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

वजावट झालीच नाही, असेही घडते. व्हेंडर म्हणतो, ‘टेम्पो माझाच आहे, मला कुठे खर्च येतो?’ आपल्या दरातून काही कापले जाऊ नये म्हणून तो वाहतुकीचा खर्च कमी सांगतो. त्याचे म्हणणे मान्य झाले तर कारखाना वाहतुकीचे पैसे दोनदा देतो, एकदा किमतीत आणि एकदा फेरीत. म्हणून केस स्टडी लिहिणाऱ्याने ‘आधीचा खर्च’ व्हेंडरच्या तोंडी सांगण्यावरून घेऊ नये. खरेदी विभागाकडून जुनी आणि नवी पर्चेस ऑर्डर मागावी आणि दरात प्रत्यक्ष किती उतरले ते पाहावे. हा कागद मिळाला नाही, तर खर्चाच्या बचतीचा दावा न केलेलाच बरा.

छेद बदलला की आकडा किती बदलतो, याचे देशपातळीवरचे उदाहरण आपल्यासमोर आहे. भारताचा लॉजिस्टिक्स खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १३-१४ टक्के आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. डिसेंबर २०२३ मध्ये एनसीएईआर या संस्थेने केंद्र सरकारसाठी पद्धतशीर मोजणी करून २०२१-२२ साठी ७.८ ते ८.९ टक्के हा अंदाज दिला. देशातली वाहतूक रातोरात निम्म्या किमतीला आली नव्हती. मोजण्याची पद्धत वेगळी होती.

‘आधी’ कोणता धरायचा

आपल्या उदाहरणात ‘आधी’ म्हणजे जानेवारी ते मार्च. तोच का? लिहिणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा, कारण इथे एक फसगत न कळत होते.

कारखाना नवीन वाहतूकदाराला कधी बोलावतो? गाड्या वेळेवर येत नाहीत, लाइन दोन-तीनदा थांबली, प्लँट हेडने बैठकीत सुनावले, त्यानंतर. म्हणजे नवीन माणूस येतो तो सर्वांत वाईट तिमाहीनंतर. वाईट काळाच्या मागून साधारण काळ येतोच, मग वाहतूकदार बदलला असो वा नसो. त्या एका वाईट तिमाहीशी तुलना केली तर नुसते नेहमीसारखे काम करूनही मोठी सुधारणा दिसते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात.

उपाय कंटाळवाणा असला तरी अवघड नाही. मागच्या बारा महिन्यांचे आकडे काढायचे आणि निवडलेली तिमाही त्यात कुठे बसते ते पाहायचे. ती नेहमीपेक्षा फार वाईट असेल, तर पूर्ण वर्षाची सरासरी ‘आधी’ म्हणून घ्यायची. जमेल तिथे त्याच महिन्यांची तुलना मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी करायची. महाराष्ट्रात जुलैतली फेरी आणि जानेवारीतली फेरी सारखी नसते. पाऊस, खड्डे, दिवाळीची सुट्टी, मार्चअखेरची घाई, या सगळ्यांचा परिणाम वेळेवर होतो.

डिझेलच्या दराचेही तसेच. मोठ्या कंत्राटात डिझेलचा दर ठरावीक मर्यादेपलीकडे बदलला की भाडे बदलते, असे कलम असते. दोन काळांत डिझेल उतरले असेल तर त्याने झालेली घट वेगळी काढावी लागते. आपल्या उदाहरणात दर स्थिर होता असे धरले आहे. केस स्टडीतही हे एका ओळीत सांगून टाकावे, कारण वाचणारा ते विचारणारच.

मधले एप्रिल-मे गाळले आहेत, हेही लपवायचे नाही. ड्रायव्हरला रस्ता पाठ होईपर्यंत, व्हेंडरला माल वेळेवर बांधून ठेवायची सवय लागेपर्यंत गडबड होतेच. ‘पहिले दोन महिने घडी बसवण्यात गेले, ते तुलनेत धरलेले नाहीत’ असे लिहिले की वाचणाऱ्यालाही अंदाज येतो की आपल्याकडे फायदा पहिल्या महिन्यात दिसणार नाही.

‘वेळेवर’ म्हणजे कधी

खर्चानंतर दुसरा लाडका दावा असतो वेळेचा. ‘९८ टक्के गाड्या वेळेवर.’ यातला ‘वेळेवर’ हा शब्द फार सैल आहे. गाडी गेटवर आली ती वेळ, डॉकला लागली ती वेळ आणि स्टोअरने माल तपासून संगणकात जीआरएन केला ती वेळ, या तीन वेगळ्या वेळा आहेत. त्यांच्यात सहज दोन-तीन तासांचा फरक पडतो. वाहतूकदार जीपीएसवरून गेटची वेळ सांगतो, कारखाना जीआरएनची वेळ बघतो आणि दोघे वाद घालत बसतात.

शिवाय उशिरा आलेल्या काही फेऱ्या हिशेबातून गुपचूप गळतात. ‘ती गाडी व्हेंडरमुळे उशिरा आली’, ‘त्या दिवशी घाटात ट्रॅफिक होता’, ‘वेळ फोनवर बदलून घेतली होती’. एकेक कारण खरेही असेल, पण शंभरातल्या दहा फेऱ्या अशा वगळल्या की उरलेल्या नव्वदीत ९८ टक्के मिळवणे सोपे जाते. म्हणून केस स्टडीत टक्केवारीबरोबर एकूण फेऱ्या किती आणि वगळल्या किती, हे दोन्ही लिहावे.

आपल्या उदाहरणात तर वेगळीच अडचण आहे. आधी व्हेंडरांना वेळ ठरवून दिलेलीच नव्हती. टेम्पो भरला की निघायचा. मग ‘आधी ७० टक्के वेळेवर’ असे म्हणायला आधार काय? काहीच नाही. अशा ठिकाणी तुलनेचा मोह सोडायचा आणि दोन्ही काळांत जे मोजलेले आहे ते शोधायचे. कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक गाडीची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ लिहिलेली असते. आधीच्या काळात जीपीएस नसला तरी हे रजिस्टर असते. त्यावरून गाडी कारखान्यात किती वेळ अडकते ते काढता येते. समजा, आधी टेम्पो मधल्या अंदाजाने २ तास १० मिनिटे अडकत होता, आता गाडी ५० मिनिटांत मोकळी होते. मधला अंदाज म्हणजे सर्व वेळा चढत्या क्रमाने लावून बरोबर मधली घेतलेली वेळ. एखादी गाडी रात्रभर अडकली तरी तिच्यामुळे हा आकडा बिघडत नाही, सरासरी मात्र बिघडते.

लाइन थांबण्याचा आकडा मांडताना तर आणखी संयम लागतो. उदाहरणात आधीच्या तीन महिन्यांत माल नसल्यामुळे लाइन ७ वेळा थांबली. कारणे तपासली तेव्हा दिसले की ४ वेळा गाडी उशिरा आली होती आणि ३ वेळा व्हेंडरकडेच माल तयार नव्हता. नंतरच्या तीन महिन्यांत लाइन ३ वेळा थांबली, त्यात गाडीमुळे १ वेळा. वाहतूकदाराला सांगता येते ते ‘४ वरून १’ एवढेच. व्हेंडरचा उशीर ३ वरून २ झाला, त्यात त्याचा हात नाही. आणि ‘लाइन थांबण्यात ७५ टक्के घट’ असे लिहू नये. घटनाच चार असतील तर टक्केवारी नुसती फुगलेली दिसते. नेमकी संख्या लिहावी, वाचणारा आपला अर्थ काढतो.

तिसरी गल्लत साठ्याच्या बाबतीत होते. माल वेळेवर येऊ लागल्याने कारखान्याने साठा ३ दिवसांवरून १.८ दिवसांवर आणला. रोज ५ लाखांचा माल लागत असेल तर १.२ दिवसांचा साठा म्हणजे ६ लाख रुपये मोकळे झाले. पत्रकात ते ‘६ लाखांची बचत’ म्हणून छापले जाते. ती बचत नाही. ते पैसे कारखान्याचेच होते, मालात अडकलेले होते, ते एकदाच सुटले. वाचले ते त्यावरचे व्याज. १० टक्के दराने वर्षाला ६०,००० रुपये, महिन्याला ५,०००. दोन्ही आकडे लिहावेत, पण प्रत्येकाला त्याच्या नावाने.

न जमलेलेही लिहा

मिल्क रनसाठी कारखान्याने सारख्या मापाच्या ट्रे आणि बिन घेतल्या. त्याला एकदाच ३,८०,००० रुपये लागले. ९५,००० ची बचत धरली तर ते चार महिन्यांत वसूल होतात. खऱ्या ४०,६६० रुपयांनी नऊ महिन्यांहून थोडे जास्त लागतात. हा खर्च केस स्टडीत नसेल तर वाचणारा ग्राहक होकार देतो, दोन महिन्यांनी बिनचे कोटेशन हातात पडते आणि त्याला फसवल्यासारखे वाटते.

दुसरी मर्यादा गाडी भरण्याची. फेरीचे भाडे ठरलेले असते, गाडी पूर्ण भरो की अर्धी. उत्पादन आणखी उतरून महिन्याला ८,००० संचांवर आले तर संचामागचा खर्च ५६.०५ रुपये होतो, म्हणजे जुन्या ५४.३४ पेक्षा जास्त. त्या वेळी फेऱ्या कमी केल्या नाहीत तर मिल्क रन महागात पडतो. हिशेब केला तर उंबरठा ८,२५२ संचांच्या आसपास येतो. ‘महिन्याला साधारण ८,३०० संचांखाली ही रचना परवडत नाही, फेऱ्या तीनवर आणाव्या लागतात’ हे एक वाक्य केस स्टडीत असले की वाचणारा खरेदीप्रमुख मान डोलावतो. त्याला कळते की समोरच्याने हे काम केलेले आहे, आणि आपल्या कारखान्याला हे लागू पडेल की नाही हेही त्याला ठरवता येते.

ग्राहकाची परवानगी

एवढे आकडे जमले तरी ते आपले नसतात, ग्राहकाचे असतात. कारखाने ते बाहेर द्यायला कचरतात, आणि त्यांची कारणे रास्त असतात. व्हेंडरला वाहतुकीचा दर कळला तर तो वाटाघाटीत वापरेल. लाइन किती वेळा थांबली हे त्यांच्या मोठ्या ग्राहकाला, म्हणजे वाहन कंपनीला, कळायला नको. शिवाय ज्या अधिकाऱ्याने आकडे दिले, त्याच्याच कारकिर्दीत ‘आधी’ची गैरसोय झालेली असते. ती ठळकपणे छापलेली बघायला त्याला आवडेल कशी?

मार्ग निघतो. रुपयांऐवजी निर्देशांक द्यायचा : आधीचा संचामागचा खर्च १०० धरला तर आता तो ९१.७ आहे. यातून रक्कम कळत नाही, फरक कळतो. लाइन किती वेळा थांबली ते दाखवायला हरकत असेल तर तो भाग गाळायचा, त्याऐवजी ढोबळ विशेषणे भरायची नाहीत. कारखान्याचे नाव नको असेल तर नाव गाळून बाकी वर्णन नेमके ठेवायचे : चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग जुळवणारा कारखाना, सहा व्हेंडर, २५ किलोमीटरच्या आत, रोज ११ टेम्पो. ‘एक नामांकित कंपनी’ यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. आणि ‘आधी’ची अडचण रचनेची होती अशी मांडायची, म्हणजे ती कुणा अधिकाऱ्यावर येत नाही. ते खरेही असते.

परवानगी लेखी घ्यायची, तीही छापायच्या अंतिम मजकुरावर. मजकूर खरेदी विभागाने पाहावा, आकडे अकाउंट्सने पाहावेत. ही परवानगी काम सुरू करतानाच्या करारात एका कलमाने ठरवून ठेवली तर नंतर धावपळ होत नाही, आणि आधीच्या काळाची नोंद पहिल्या दिवसापासून जपली जाते. वर्षभराने मागितली तर गेटची जुनी रजिस्टरे रद्दीत गेलेली असतात. जाहिरातीतला दावा पुराव्याने सिद्ध करता आला पाहिजे, असे अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाची आचारसंहिताही सांगते. पर्चेस ऑर्डरच्या प्रती, रजिस्टरची छायाचित्रे आणि हिशेबाची शीट एका फाइलमध्ये ठेवली की तो पुरावा तयार असतो.

कागदावर कसे उतरते

हे सगळे झाले की लिहिणे सोपे जाते. दोन पाने पुरतात. आपल्या उदाहरणाची सुरुवात अशी होईल :

‘चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सहा व्हेंडरांचे रोज ११ टेम्पो येत होते. आता ठरलेल्या वेळापत्रकाने ४ फेऱ्या येतात. दर संचामागचा वाहतूक खर्च ८.३ टक्क्यांनी उतरला, त्यात समन्वयकाचा पगार धरलेला आहे. गाडी कारखान्यात २ तास १० मिनिटांऐवजी ५० मिनिटे थांबते. ट्रे-बिनसाठीचा एकवेळचा खर्च नऊ-दहा महिन्यांत वसूल होतो. तुलना जानेवारी-मार्च आणि जून-ऑगस्ट या काळांची आहे. आकडे कारखान्याच्या पर्चेस ऑर्डर व गेट रजिस्टरवरून घेतले असून अकाउंट्स विभागाने तपासले आहेत.’

वाचणाऱ्याला हवे ते बहुतेक सर्व या परिच्छेदात आले. पुढे आधीची स्थिती, फेऱ्यांची आखणी कशी केली, व्हेंडरांशी दर कसे ठरले, घडी बसायला काय अडचणी आल्या, कोणत्या परिस्थितीत ही रचना चालत नाही, हे ओळीने येते. स्वतःच्या कंपनीचे वर्णन शेवटी, चार ओळींत. टक्के आणि टक्के-अंक यांचा घोळ कुठे झाला नाही ना, ते छापण्यापूर्वी एकदा बघावे. वेळेवर येणाऱ्या फेऱ्या ८० टक्क्यांवरून ९० वर गेल्या तर वाढ १० टक्के-अंकांची असते, किंवा १२.५ टक्क्यांची. ‘१० टक्के वाढ’ म्हटले की आपणच आपले चुकीचे सांगतो.

८.३ टक्के हा आकडा ३० टक्क्यांपुढे फिका दिसेल, अशी भीती विक्री विभागाला वाटते. पण ३० टक्के सगळेच छापतात आणि ते कुणालाच पुन्हा काढून दाखवता येत नाहीत. मालवाहतुकीत असाल आणि पुढच्या केस स्टडीला बसणार असाल, तर लिहिण्याआधी ग्राहकाच्या अकाउंट्सवाल्यासमोर कोरा कागद ठेवा आणि तुमचा आकडा त्याला त्याच्या वहीतून काढायला सांगा. तो काढेल तोच आकडा छापा.